चौदा पानं आणि पंधरा मिनिटं



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्या महिला मंडळात दहा धर्मांची दहा नावं वाटली जातात. कुणाला क्षमा, कुणाला मार्दव, कुणाला आर्जव. ज्या बाईला नाव मिळतं ती महिनाभर पुस्तकं उघडून बसते, जुने अंक काढते, नातवाच्या वहीची पानं फाडून लिहिते. मग तो दिवस येतो. रात्री आरती झाल्यावर ती माइकसमोर उभी राहते, चष्मा लावते आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खाली मान घालून वाचते. समोर कुणाचा चौथा उपवास असतो, कुणी ऑफिसातून थेट आलेली असते, कुणाच्या मांडीवर मूल झोपलेलं असतं. सहाव्या पानाला मागची रांग उठते. दहाव्या पानाला अध्यक्षबाई घड्याळ बघतात. शेवटचं पान संपतं तेव्हा टाळ्या वाजतात त्या सुटल्याच्या.

मला आज स्पष्ट लिहायचं आहे, कुणाला राग आला तरी चालेल. चौदा पानं वाचून दाखवणं हे प्रवचन नाही. मेहनत खरी असते, भाव खरा असतो, पण समोर बसलेल्या श्राविकेच्या हाती काही लागत नाही. एका मंडळाच्या कार्यकारिणीने अलीकडेच बायकांच्या बोलण्याचा वेळ पंधरा मिनिटांवरून दहावर आणला. कारण एकच सांगितलं, की बायका वेळेत थांबत नाहीत. आम्ही दुखावलो, पण खोटं कसं म्हणणार? आपली लांबी आपल्याच मुळावर आली आहे.

हे सांगितलं की मला दोन बाजूंनी उत्तरं मिळतात. पहिलं असं, की "ताई, जिनवाणीला कात्री लावायची? ही आशातना आहे." दुसरं याच्या उलट, की "कागद हवाच कशाला? मनापासून बोला, आपोआप सुचतं." दोन्ही मला मान्य नाहीत.

आधी कात्रीचं बघू. दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो, दहा दिवसांत दहा अध्याय. उमास्वामींनी सगळं जैन तत्त्वज्ञान साडेतीनशेच्या आसपास सूत्रांत बसवलं. ज्या दहा धर्मांवर आपण दहा रात्री बोलतो ते त्यांनी नवव्या अध्यायातल्या एकाच सूत्रात, सहाव्यात, सांगितले. त्यावर पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धी लिहिली, अकलंकदेवांनी त्याहून मोठं राजवार्तिक लिहिलं. म्हणजे आपल्या परंपरेत दोन्ही आहे. पाठ करायला आणि समोरच्याला द्यायला सूत्र, बसून अभ्यास करायला टीका. आपण काय करतो? आपण टीका लिहितो आणि तीच उभ्यानं वाचून दाखवतो. लिहिलेल्या मोठ्या प्रवचनातून बोलण्यापुरतं सूत्र काढणं ही आशातना असेल, तर मग सूत्रं लिहिणाऱ्यांना काय म्हणायचं? तुमची चौदा पानं फाडा असं मी म्हणतच नाही. ती फायलीत ठेवा, ती तुमची टीका आहे. माइकसमोर नेताना त्यातून सूत्र काढून न्या.

आता "मनापासून बोला" हे. एका वर्षी मीही कागद न घेता उभी राहिले. बोलण्याच्या भरात लोभ सातव्या गुणस्थानात जातो असं ठोकून दिलं. खरं तर सूक्ष्म लोभ दहाव्या गुणस्थानापर्यंत राहतो, त्या गुणस्थानाचं नावच सूक्ष्मसांपराय आहे. दुसऱ्या दिवशी एका वडीलधाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन चूक सांगितली. चारचौघींत सांगितली नाही हे त्यांचे उपकार. पण ज्या साठ-सत्तर जणींनी सातवं ऐकलं त्यांना मी परत कुठे गाठणार? लग्नाच्या वाढदिवसाला कागदाशिवाय बोललं तर फार तर हसू होतं. धर्मसभेत कागदाशिवाय बोललं तर शास्त्राविरुद्ध बोललं जाऊ शकतं. म्हणून कागद हवाच. फक्त तो वाचायचा कागद नको, बघायचा कागद हवा.

तो कसा करायचा ते माझ्याच एका प्रवचनावरून सांगते. आमच्याकडे चौथा दिवस उत्तम शौचाचा असतो. तो मला मिळाला आणि मी चौदा पानं लिहिली.

पहिलं काम हिशोबाचं. मी कॉमर्सची, मला आकडे मांडल्याशिवाय चैन पडत नाही. एक पान घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं. मनात वाचून चालत नाही, मनात आपण दुप्पट वेगानं पळतो. पानावर सुमारे २३० शब्द होते आणि त्यांना दोन मिनिटं दहा सेकंद लागली. म्हणजे मिनिटाला १०६ शब्द. चौदा पानांना अर्धा तास, आणि मला दिलेला वेळ पंधरा मिनिटं. त्यातून मंगलाचरण आणि नमस्काराला एक मिनिट गेलं. मध्ये थांबायचं तर त्यालाही वेळ लागतो. मोठे विराम वीस धरले आणि प्रत्येकी तीन सेकंद, की आणखी एक मिनिट. सुरुवातीला माइक खालीवर करण्यात आणि मंडळी सावरून बसण्यात एक मिनिट जातंच. उरली बारा मिनिटं, म्हणजे साधारण १२५० शब्द. लिहिले होते ३२००. पाच पानांतली तीन सोडायची होती. हा आकडा आधी समोर ठेवला नाही तर आपण इथली ओळ, तिथला शब्द काढत बसतो आणि आठवडाभरानं तेरा पानं उरतात.

दुसरं काम सगळ्यात अवघड आहे. घरी जाताना ऐकणाऱ्या बाईच्या मनात कोणतं एक वाक्य राहावं, ते लिहायचं. एकच. मला ते लिहायला दोन दिवस लागले, आणि तेव्हा कळलं की चौदा पानं लिहूनही आपल्याला काय म्हणायचं आहे ते आपल्यालाच नक्की नव्हतं. शेवटी लिहिलं, "शौच म्हणजे 'अजून थोडं' म्हणणं थांबणं."

मग पानं पुढ्यात घेऊन प्रत्येक मजकुराला हे वाक्य लावून पाहिलं. माझी वाटणी अशी होती. दोन पानं पर्वाचं माहात्म्य आणि "मी अल्पबुद्धी, चुकभूल पदरात घ्यावी" यात गेली होती. दीड पान शौच शब्दाच्या अर्थावर, दोन पानं अशुची भावनेवर, दोन पानं चार कषायांवर, दीड पान गुणस्थानांवर, चार पानं तीन कथांवर आणि जेमतेम एक पान आपल्या घरातल्या लोभावर.

पहिली दोन पानं सरळ काढली. माहात्म्य ठाऊक आहे म्हणूनच तर बायका उपवास करून येऊन बसल्या आहेत. शब्दाच्या अर्थाचं दीड पान दोन वाक्यांवर आणलं. अशुची भावना काढताना जीव तुटला, कारण ते मी सगळ्यात सुंदर लिहिलं होतं. पण ती बारा भावनांमधली वेगळी भावना आहे, शरीराच्या अशुद्धपणाची. शौच धर्म लोभाबद्दल आहे. नावात सारखेपणा आहे म्हणून मी ती आत ओढली होती, आणि ऐकणारीचा घोळ तिथेच झाला असता. लक्षात घ्या, छाटताना सगळ्यात आधी शंका घ्यायची ती आपल्याला आवडलेल्या भागावर.

कषायांचा भाग ठेवला, कारण चार दिवसांचा धागा तिथे आहे. क्रोधाच्या विरुद्ध क्षमा, मानाच्या विरुद्ध मार्दव, मायेच्या विरुद्ध आर्जव आणि लोभाच्या विरुद्ध शौच. आदल्या तीन रात्री बायकांनी ऐकलेलं असतं, ते इथे जोडलं जातं. गुणस्थानांचं दीड पान एका वाक्यात आणलं, की लोभ दहाव्या गुणस्थानापर्यंत सूक्ष्म रूपानं उरतो. तीन कथांतली एकच ठेवली. आणि घरातल्या लोभाचं एक पान होतं ते वाढवलं. छाटणं म्हणजे नुसतं काढणं नसतं. तीन गोष्टी काढल्या की जी उरते तिला पाय पसरायला जागा मिळते.

तिसरं काम, लिहिलेलं वाक्य बोलायच्या वाक्यात आणणं. माझ्या कागदावर असं वाक्य होतं: "बाह्य शुद्धी ही जरी व्यवहारात आवश्यक मानली गेली असली तरी आत्म्याच्या ठिकाणी अनादि काळापासून चिकटून राहिलेला जो लोभरूपी मल, त्याचे प्रक्षालन केल्याशिवाय केवळ जलस्नानाने शौचधर्माची प्राप्ती होऊ शकत नाही." वाचणारीला हे चालतं, ती मागे जाऊन पुन्हा वाचू शकते. ऐकणारीला मागे जाता येत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून तिला "होऊ शकत नाही" ऐकू येईपर्यंत अख्खं ओझं डोक्यावर धरून बसावं लागतं. बोलताना मी ते असं केलं: "अंघोळ हवीच. पण अंघोळीनं लोभ जात नाही. शौच म्हणजे लोभ जाणं." शास्त्राचा अर्थ कुठे कमी झाला? एका श्वासात जे बसत नाही ते वाक्य तोडायचं, ही सोपी कसोटी आहे.

इथे एक मर्यादा मात्र पाळायची. आपली वाक्यं हवी तशी मोडा, पण सूत्र, गाथा, व्याख्या, गुणस्थानाचा क्रमांक, ग्रंथाचं आणि आचार्यांचं नाव यांना हात लावायचा नाही. ते कागदावर पूर्ण, शुद्ध, मोठ्या अक्षरात असायला हवं, आणि तेवढं मान खाली घालून वाचायलाही लाजू नये. उलट त्यामुळे ऐकणारीला कळतं की हे शास्त्राचं, आणि बाकीचं बोलणारीचं.

आता तो बघायचा कागद. माझा पोस्टकार्डाएवढ्या दोन पुठ्ठ्यांवर मावला, एकूण दीडशेच्या आसपास शब्द. त्यावर चारच गोष्टी पूर्ण वाक्यात लिहिल्या: पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, शास्त्राचे शब्द आणि एका भागातून दुसऱ्या भागात नेणारी वाक्यं. बाकी सगळे नुसते शब्द, आठवणीपुरते. कारण बोलताना आपण मुद्द्याच्या मध्यभागी अडत नाही. अडतो ते सांध्यावर. कथा संपते आणि पुढे काय ते आठवत नाही, मग "तर असं आहे... तर मग..." सुरू होतं.

खुणांसाठी मी आपला दंडच वापरला. एक दंड म्हणजे एक श्वास. दोन दंड म्हणजे मोठा विराम, मनातल्या मनात णमोकार मंत्राचं पहिलं पद म्हणून होईल इतका. स्तोत्र म्हणताना डोळ्यांना या खुणांची सवय असतेच, वेगळं शिकावं लागत नाही. कार्ड असं दिसत होतं:

पहिलं कार्ड
(दीड मिनिट) आज सकाळी आपण सगळ्यांनी अंघोळ केली. । शौच झालं का? ॥
अंघोळ – लोभ – दोन वाक्यांत अर्थ
"मग शौचाचा शत्रू कोण?" ॥
(तीन मिनिटं) क्रोध–क्षमा । मान–मार्दव । माया–आर्जव । लोभ–शौच ॥
सगळ्यांत शेवटी जातो तो लोभ. दहावं गुणस्थान, सूक्ष्मसांपराय.
"एवढा चिवट का? कारण तो 'अजून थोडं' एवढंच म्हणतो." ॥

दुसरं कार्ड
(चार मिनिटं) श्मश्रुनवनीत – रत्नकरंडक श्रावकाचार, समंतभद्र आचार्य
मिशी – लोणी – मडकं – थंडी, शेकोटी – स्वप्न – लाथ ॥ – आग
"आपल्याला मिशा नाहीत. । कपाटं आहेत." ॥
(अडीच मिनिटं) साड्या – डबे – दागिना – सुनेला द्यायचं ठेवलेलं
(एक मिनिट) आज घरी जाऊन एक कपाट उघडा. । 'अजून थोडं' म्हणणं थांबलं, की शौच सुरू झालं. ॥

श्मश्रुनवनीताची कथा तुम्हाला माहीत असेल. परिग्रहाच्या पापाचं उदाहरण म्हणून समंतभद्र आचार्यांनी त्याचं नाव दिलं आहे. ताक पिताना मिशीला लागलेलं लोणी तो जमवत गेला, त्याचं तूप मडक्यात साठवलं आणि थंडीच्या दिवसांत झोपडीत शेकोटीजवळ, पायाशी ते मडकं टांगून पडला. पडल्या पडल्या मनोराज्य सुरू झालं. हे तूप विकीन, व्यापार करीन, श्रीमंत होईन, राजा होईन, पाय चेपायला राणी असेल, तिला नीट चेपता आलं नाही तर लाडानं अशी लाथ मारीन. आणि खरंच पाय झटकला. मडकं शेकोटीत पडलं, भडका उडाला आणि तो त्यातच गेला.

या कथेत विराम कुठे घ्यायचा हे नीट बघा, कारण विरामाचं सगळं शहाणपण यात आहे. लाथेनंतर थांबायचं. त्या तीन सेकंदांत प्रत्येक बाईला मडकं पडताना दिसतं, आपण सांगायच्या आधी. लाथेच्या आधी थांबलं तर नाटकी होतं. आधी आणि नंतर दोन्हीकडे थांबलं तर कथा लंगडते. महत्त्वाच्या शब्दाच्या एकाच बाजूला विराम ठेवायचा. ऐकणारीनं कान टवकारावेत असं वाटत असेल तर आधी, तिनं मनात चित्र पाहावं असं वाटत असेल तर नंतर. आणि प्रश्न विचारला की थांबायचंच. "शौच झालं का?" विचारून लगेच पुढे धावलं तर तो प्रश्न राहत नाही. पहिल्यांदा ती शांतता खायला उठते, वाटतं आपण विसरलो असं लोकांना वाटेल. त्या वेळी कागदाकडे बघू नका, समोर बघा. बोलणारी कागदाकडे बघत थांबली तर ती विसरली, समोर बघत थांबली तर तिला उत्तर हवं आहे, हे सगळ्यांना बरोबर कळतं.

आपल्या मंदिरांचं आणखी एक आहे. संगमरवरी फरशी, उंच छत, त्यात लाउडस्पीकर. शब्द घुमतो. आधीच्या वाक्याची शेपटी हवेत असताना पुढचं सुरू केलं तर मागच्या बायकांना नुसता गजर ऐकू येतो. म्हणून तिथे प्रत्येक पूर्णविरामाला घरच्यापेक्षा थोडं जास्त थांबावं लागतं. पर्व सुरू व्हायच्या आधी एकदा रिकाम्या सभागृहात बोलून पाहा, मैत्रिणीला शेवटच्या खांबाजवळ उभं करा.

जोर देण्याबद्दलही आपला समज चुकीचा आहे. जोर म्हणजे ओरडणं असं वाटतं. माइकमध्ये ओरडलं की आवाज फाटतो आणि मांडीवरचं मूल उठतं, एवढंच होतं. मराठीत जोर द्यायला शब्दाची जागा बदलता येते. "लोभ सर्वांत शेवटी जातो" यापेक्षा "सगळ्यांत शेवटी जातो तो लोभ" म्हणा, आवाज न चढवताही लोभ उठून दिसतो. नाहीतर त्या शब्दाला हळू व्हा, किंवा एकदा पुन्हा म्हणा. मी कार्डावर एका भागात एकाच शब्दाखाली रेघ मारली. पहिल्या प्रयत्नात बावीस शब्दांखाली मारली होती. सगळ्यावरच जोर दिला तर कशावरच पडत नाही, हे उभं राहून बोलून पाहिल्यावर कळलं.

सांध्याचं वाक्य जमलं की नाही हे बोलणारीला कळत नाही, ऐकणारीला कळतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून सुनेला सगळं ऐकवलं आणि विचारलं, "मी काय सांगितलं गं?" ती म्हणाली, "आई, ती मिशीवाल्याची गोष्ट मस्त आहे." मी म्हटलं, "आणि शौच?" ती गप्प. म्हणजे कथा लक्षात राहिली आणि धर्म हरवला. दोष तिचा नव्हता. तेव्हा माझ्या कार्डावर कथेच्या आधी नुसतं "आता एक कथा ऐकू" असं होतं. ते काढून "तो 'अजून थोडं' एवढंच म्हणतो" हे वाक्य घातलं आणि कथेत मडकं भरताना तेच दोन शब्द त्याच्या तोंडी दिले. दोन दिवसांनी शेजारच्या मावशींना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "खरंय हो, आपलंही अजून थोडं अजून थोडं चालूच असतं." तेव्हा कार्ड झालं असं मी मानलं. "आता आपण पुढच्या मुद्द्याकडे वळू" हे वाक्य सांधा नाही, ती नुसती घोषणा आहे. ऐकणारीच्या मनात त्या क्षणी जो प्रश्न येईल तोच आपण विचारला, तर तो सांधा.

शेवटची तयारी आपल्या सगळ्यांच्या अनुभवाची आहे. आरतीचे सवाल लांबतात. पंधरा मिनिटांची आठ होतात, आणि ते उभं राहायच्या क्षणी चिठ्ठीवरून कळतं. तेव्हा आपण काय करतो? सगळंच पळवत वाचतो. त्यासाठी कार्डावर आधीच चौकोन करून ठेवायचा, वेळ कमी पडला तर कोणता भाग जाणार त्याचा. माझा चौकोन चार कषायांच्या भागाभोवती होता, आणि घरातल्या चार उदाहरणांपैकी दोनांभोवती. "शौचाचा शत्रू कोण? लोभ. तो 'अजून थोडं' एवढंच म्हणतो," असं म्हणून थेट कथेवर जाता येत होतं. त्या रात्री खरंच नऊ मिनिटं मिळाली. चौकोन गाळले आणि शेवटचं वाक्य शांतपणे बोलता आलं. शेवट कधीही चौकोनात घालायचा नाही.

हे सगळं कुठे लावायचं नाही तेही सांगते, म्हणजे उगाच वाद नको. तत्त्वार्थसूत्राचं वाचन पूर्णच व्हायला हवं. स्वाध्यायाच्या वर्गात ग्रंथ ओळीनं वाचायचा असतो, तिथे कुणी घड्याळ लावत नाही आणि लावूही नये. पूजेत काही गाळायचं नसतं. मी फक्त आपल्या त्या पंधरा मिनिटांबद्दल बोलते आहे, जिथे आपण आपले शब्द घेऊन उभ्या राहतो.

ज्या ताईंनी मला आशातना म्हटलं त्यांना माझं एकच विचारणं आहे. चार दिवसांची उपाशी श्राविका तुमच्यासमोर बसून पेंगते, जिनवाणी कानावरून जाते आणि ती घरी रिकामी जाते, याला तुम्ही काय म्हणता? मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनाही सांगणं आहे. यंदा नावं वाटताना प्रत्येकीला मिनिटं लेखी सांगा, आणि पर्वाच्या आठ दिवस आधी एका दुपारी दहाही जणींना कार्ड घेऊन उभं करा. पानं आणलेली असतील तर परत पाठवा. दोन जणी रुसतील, रुसू देत. क्षमेचा दिवस पहिलाच असतो. आणि वेळेत थांबणाऱ्या दहा बायका दहा रात्री उभ्या राहिल्या, की कमी केलेली पाच मिनिटं परत मागायला कार्यकारिणीकडे मी स्वतः जाईन.

लिहिताना शास्त्राविरुद्ध काही आलं असेल किंवा कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. मुद्दा मात्र मागे घेत नाही.

जय जिनेंद्र.